सात सवयी आणि एक पान

स्टीफन कोव्ही यांच्या सात सवयींच्या पुस्तकाची टिपणं मी बऱ्याच जणांच्या वह्यांत पाहिली आहेत. सगळी सारखीच. एक ते सात आकडे, प्रत्येकापुढे सवयीचं नाव आणि तिसऱ्या सवयीपाशी तातडीच्या-महत्त्वाच्या कामांचे ते चार चौकोन, पट्टीने आखलेले. पान देखणं दिसतं, पण ती असते अनुक्रमणिका.

१९८९ सालच्या या तीनशेहून जास्त पानांच्या पुस्तकातलं खरं भांडण पहिली सवय यायच्या आधीच होऊन जातं. कोव्ही म्हणतात, यशावरची जुनी अमेरिकी पुस्तकं सचोटी, नम्रता, संयम शिकवत. पहिल्या महायुद्धानंतर भर आला तो छाप पाडण्यावर, युक्त्यांवर. युक्त्या चारित्र्याशिवाय टिकत नाहीत, म्हणून आधी स्वतःवर ताबा आणि मग लोकांशी व्यवहार. पहिल्या तीन सवयी माणसाला परावलंबनातून स्वावलंबनाकडे नेतात, पुढच्या तीन त्या स्वावलंबी माणसाला इतरांशी जोडतात आणि सातवी बाकीच्या सहांना धार लावत राहते.

माझं टिपण एकाच पानाचं, पुस्तकाचा सारांश सांगणारं. एवढं मी त्या पानाच्या माथ्यावर लिहितो, तेही पुस्तक मिटून. पुस्तक समोर उघडं असलं की हात लेखकाचीच वाक्यं उतरवू लागतो.

खाली प्रत्येक सवयीला एक-दोन ओळी, पण त्या आधीच्या सवयीला बांधलेल्या. चौथीच घ्या. ‘दोघांचाही फायदा बघा’ एवढंच लिहिलं, तर ती सौदा जमवायची युक्ती झाली, म्हणजे कोव्ही ज्यावर तुटून पडले तीच. मी लिहितो: ‘आपल्याला काय हवंय हे ठरलेलं असेल (दुसरी) आणि ठरवलेलं पाळता येत असेल (तिसरी), तर समोरच्याचा फायदा बघताना धास्ती वाटत नाही.’ मग ओळींची मनातल्या मनात अदलाबदल करून बघायची. चौथी पहिलीच्या जागी बिनतक्रार बसली, तर युक्तिवाद कुठेतरी गळाला आहे.

गोष्टींपैकी एकच ठेवतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मुलं धुडगूस घालतात, बाप गप्प बसलेला. कोव्ही वैतागून बोलतात, तेव्हा कळतं की तासाभरापूर्वीच मुलांची आई गेली. वैताग आवरावा लागत नाही, आपोआप जातो. आधी दृष्टी बदलते, वागणं मागून येतं. हा सगळ्या पुस्तकाचा पाया, म्हणून ती गोष्ट राहते. बाकीच्या, कितीही गोड असल्या तरी, जातात.

एका मित्राला हे पान दिलं. लेखकाचं म्हणणं त्याला कळलं, पटलं मात्र नाही. साहजिक आहे, पटवायचं काम मी गाळलेल्या गोष्टी करत होत्या आणि त्यांना तेवढी पानं लागतातच. त्याची तक्रार वेगळीच होती: “ते चार चौकोन कुठे आहेत?”

मागची बाजू कोरी होती. तिथे त्याने स्वतःच आखून घेतले.