शेजारच्या निळ्या पोर्टमधली डिस्क

कोल्हापुरातील एका वकिलांच्या कार्यालयातले संगणक माझ्याकडे देखभालीला आहेत. तिथल्या टायपिस्ट ताई वकीलसाहेबांचे रेकॉर्ड केलेले डिक्टेशन हेडफोनवर ऐकून टाइप करतात. त्यांचा डेस्कटॉप सुटे भाग जुळवून बनवून घेतलेला, मदरबोर्ड साधा, त्यामुळे त्यात ब्लूटूथ नाही. वायरचा हेडफोन बिघडल्यावर वकीलसाहेबांनी त्यांना बिनतारी हेडफोन घेऊन दिला आणि त्यासाठी ५.० असे लिहिलेला, नखाएवढा अ‍ॅडॉप्टर मागवला. आवाज मध्येच तुटू लागला, तेव्हा ५.४ लिहिलेला आणि वर उभा अँटेना असलेला दुसरा आणला. त्याने फरक पडला नाही, तेव्हा मला फोन आला. दुकानदाराने त्यांना सांगितले होते, ‘‘साहेब, नवीन व्हर्जन घ्या, रेंज चौपट मिळते.’’ हे वाक्य पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते.

रेंज वाढली ती ब्लूटूथ ५.० मध्ये, २०१६ साली. पण ती सुधारणा ब्लूटूथच्या लो एनर्जी या शाखेत झाली. वेग कमी करून दूरवर पोहोचण्याची सोय त्यात आली, आणि ती वापरण्यासाठी दोन्ही टोकांच्या उपकरणांत ती असावी लागते. ताईंच्या हेडफोनमध्ये गाणे किंवा डिक्टेशन जाते ते जुन्या, क्लासिक शाखेवरून, ज्याची कमाल गती २००४ च्या आवृत्ती २.० पासून ३ मेगाबिट प्रतिसेकंद इतकीच राहिली आहे. म्हणजे या कामापुरते ४.० आणि ५.४ हे एकाच रस्त्यावरून जातात. आवाजाचा दर्जाही अ‍ॅडॉप्टरच्या आवृत्तीवर नव्हे, तर विंडोज आणि हेडफोन आवाज दाबून पाठवण्याच्या कोणत्या पद्धतीवर, म्हणजे कोडेकवर, सहमत होतात त्यावर ठरतो. ५.२ मध्ये आलेला, लो एनर्जी शाखेवरून आवाज नेणारा एलई ऑडिओ हा खरा बदल आहे, पण त्यासाठी हेडफोन, अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर आणि विंडोज ११ ची पुरेशी नवी आवृत्ती अशी सगळी साखळी जुळावी लागते. ताईंचा हेडफोन त्यात बसणारा नव्हता.

खोक्यावरचा आकडा मी कधीच ग्राह्य धरत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथखाली अ‍ॅडॉप्टर निवडून त्याच्या प्रॉपर्टीजमधील अ‍ॅडव्हान्स्ड पान उघडले की फर्मवेअरच्या ओळीत LMP आणि पुढे एक आकडा दिसतो. तो ६ असेल तर आवृत्ती ४.०, ९ असेल तर ५.०, १० म्हणजे ५.१ आणि १३ म्हणजे ५.४. अँटेनावाल्या अ‍ॅडॉप्टरने तिथे LMP 10 दाखवले. खोक्यावर छापलेला आकडा विक्रेत्याचा असतो आणि हा चिपचा, एवढेच वकीलसाहेबांना सांगितले. ते लगेच नोटिशीची भाषा बोलू लागले. परंतु आवाज तुटण्याशी या फसवणुकीचा संबंध नव्हता.

आवाज तुटतो म्हटल्यावर सगळे जण राउटरकडे बोट दाखवतात. राउटरचे वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालू शकतात, त्यामुळे संशय रास्त आहे. मात्र क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते आणि वाय-फायने व्यापलेले चॅनेल ओळखून त्यांना टाळते. वाय-फाय साधारण २० चॅनेल अडवते, बाकीचे मोकळे राहतात. या यंत्रावर तर वाय-फाय नव्हतेच, नेट केबलने येत होते, आणि राउटर काही वेळ बंद ठेवूनही आवाज तुटतच राहिला.

मग मी ताईंना विचारले की हे दिवसभर होते का. त्या म्हणाल्या, ‘‘नाही हो दादा, सकाळी बरं चालतं. फाइलींची कॉपी लावली की सुरू होतं.’’ संगणकाच्या मागे पाहिले, तर अ‍ॅडॉप्टरला चिकटूनच निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. दुपारी त्या डिस्कवर बॅकअप चाले. मी कॉपी लावली, आवाज तुटला. थांबवली, सरळ झाला. पुन्हा लावली, पुन्हा तुटला. डिस्क जोडलेलीच ठेवून, नुसती कॉपी बंद केल्यावर तक्रार जवळजवळ नाहीशी होत होती.

यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिट प्रतिसेकंद या गतीने जातो, आणि त्यातून निघणारी रेडिओ खरखर २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सलग पसरते. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढले होते. वाय-फायचा अडथळा एका कोपऱ्यात असतो. ही खरखर सगळ्या चॅनेलांवर सारखी असल्यामुळे उडी मारायला मोकळी जागाच उरत नाही. ती पोर्टमधून, केबलमधून आणि डिस्कच्या आवरणातूनही फुटते, आणि आपला अ‍ॅडॉप्टर तिच्यापासून बोटाच्या पेरावर बसलेला असतो.

अँटेनाने फरक का पडला नाही, हे वकीलसाहेबांना पटवणे मात्र जड गेले. त्यांचे म्हणणे असे की मोठ्याने बोलले की ऐकू जाते. ब्लूटूथमध्ये संवाद दुतर्फा आहे: प्रत्येक पाकिटाची पोच हेडफोन परत पाठवतो, आणि पोच आली नाही तर अ‍ॅडॉप्टर तेच पाकीट पुन्हा पाठवतो. हेडफोनकडून येणारा रेडिओ संदेश त्याच्या छोट्या बॅटरीमुळे मुळातच क्षीण, आणि खरखर होती ती नेमकी अ‍ॅडॉप्टरच्या कानाशी. म्हणजे अ‍ॅडॉप्टर कितीही मोठ्याने बोलला तरी त्याला उत्तर ऐकू येत नव्हते. पुन्हा पुन्हा पाठवण्यात वेळ जाई आणि हेडफोनमध्ये आधीच साठवलेला थोडासा आवाज संपून जाई. लांब अँटेना पोच जास्त पकडते, तशी खरखरही जास्त पकडते.

उपाय स्वस्त होता. मीटरभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल काळ्या पोर्टमध्ये लावली आणि अ‍ॅडॉप्टर टेबलावर, मॉनिटरच्या कडेला आणला. ब्लूटूथला यूएसबी २ ची गती भरपूर आहे, आणि त्या केबलमध्ये यूएसबी ३ च्या जलद तारा नसल्याने ती खरखर अ‍ॅडॉप्टरपर्यंत वाहून आणत नाही. कॉपी चालू ठेवून आवाज तपासला, तुटला नाही. मग हट्टाने माझ्या बॅगेतला जुना, LMP 6 दाखवणारा अ‍ॅडॉप्टर त्याच केबलला लावला. खुर्चीत बसून ऐकताना ताईंना दोघांत काही फरक सांगता आला नाही.

अँटेनाचा उपयोग दिसला तो त्यानंतर. ताई फाइल काढायला शेजारच्या रेकॉर्डच्या खोलीत जातात, मध्ये लोखंडी कपाटे आहेत. नखाएवढ्या अ‍ॅडॉप्टरचा आवाज खोलीच्या दारातच तुटे, अँटेनावाल्याचा पहिल्या कपाटापर्यंत टिके. फायदा खरा आहे, पण थोडा: चांगली उभी अँटेना काही डेसिबेल देते, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होण्यासाठी सहा डेसिबेल लागतात. स्वस्त मालात ती दांडी आत कुठे जोडलेलीच नसते, असाही एक नमुना मी उघडून पाहिला आहे.

एक तक्रार मात्र राहिली. व्हिडिओ सुनावणीच्या वेळी याच हेडफोनचा माइक चालू केला की समोरच्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, कारण माइक सुरू होताच जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि दोन्ही बाजूंचा आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या एकेरी स्वरूपात उतरतो. वकीलसाहेबांनी त्यासाठी तिसरा अ‍ॅडॉप्टर मागवण्याची तयारी दाखवली होती. मी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून वेबकॅमचा माइक निवडून दिला.