बी विंगचे कागद का अडले होते

आमच्या सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमीन अर्ज करून सोसायटीच्या नावावर घेण्याचं डीम्ड कन्व्हेयन्स, एकदाचं झालं. वकील कोण होते, बिल्डरला नोटीस कशी गेली, जिल्हा उपनिबंधकांसमोर सुनावणी कशी झाली, हे सगळे विचारतात. ते सगळं आपापल्या क्रमाने पार पडलं. आमचं काम अडलं ते सरकारी कार्यालयात नाही, तर आमच्याच बी विंगमध्ये. मी सेक्रेटरी असल्यामुळे त्या अडलेल्या महिन्यांचा त्रास अजून मनातून गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

इमारत पाचपाखाडीतली, नव्वदच्या दशकात बांधलेली. तीन विंग, ६४ फ्लॅट. सोसायटी नोंदली गेल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने ती दिलीच नाही. अशा वेळी फ्लॅटमालकीसंबंधीच्या मोफा कायद्याच्या कलम ११ खाली उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करता येतो. त्याला जोडायच्या कागदांत सर्वांत वेळखाऊ गठ्ठा फ्लॅटमालकांचा. वकिलांनी प्रत्येक फ्लॅटची इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागितली होती, आणि फ्लॅट मधे विकला गेला असेल तर पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतची सगळी साखळी. इंडेक्स टू ऑनलाइन मिळते हे खरं, पण आमचे जुने दस्त तिथे सापडले नाहीत. म्हणजे दारोदार जाऊन कपाटातून कागद काढून घेणं आलं.

तीन विंगसाठी तीन माणसं पुढे आली. ए विंग एका निवृत्त शिक्षिका बाईंनी घेतली, सी विंग एका तरुण जोडप्याने. बी विंग कमिटीतल्या एका काकांनी स्वतःहून मागून घेतली. बँकेत आयुष्य गेलेला, कागदाला कागद लावणारा माणूस. ए आणि सी गणपतीच्या आत संपल्या. बी विंगचं उत्तर दर मासिक सभेत एकच असायचं, "हो, करतोय, थोडेच राहिलेत." दिवाळी आली तरी थोडेच राहिले होते.

या काळात सोसायटीच्या ग्रुपवर जे चाललं त्याचा मला आजही राग येतो. "कन्व्हेयन्सचं काय झालं?" असं सगळ्यांत मोठ्याने विचारणाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःचे कागद दिलेले नव्हते. काकांचं नाव घेऊन टोमणे सुरू झाल्यावर मी तो विषय ग्रुपवर बंद केला आणि यापुढे तो फक्त सभेत निघेल असं जाहीर केलं. चारचौघांत नाव निघालं की पगार न घेणारा माणूस काम वेगाने करत नाही, तो फोन उचलणं बंद करतो.

काकांना कमिटीतून काढा, असाही आग्रह झाला. परवानगीशिवाय सलग तीन मासिक सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व जातं अशी तरतूद उपविधींत आहे. पण काका प्रत्येक सभेला हजर असायचे. आणि काढून मिळणार काय होतं? आमच्या आकाराच्या सोसायटीत कमिटीच्या जागा ११ आणि गणपूर्ती सहाची. आमच्या तीन जागा उमेदवारच नसल्याने रिकाम्या होत्या. उरलेल्या आठांतले एक जण बहुतेक परगावी असतात. काका गेले असते तर सहाच उरले असते, आणि त्यातल्या एकाच्या घरी कोणी आजारी पडलं की सभा तहकूब. बी विंगचं काम करणारं दुसरं कोणी मिळालं नसतं ते वेगळंच.

मग मी त्यांच्या घरी गेलो आणि विचारायची गोष्ट बदलली. "किती झालं?" असं विचारलं की माणूस आकडा सांगतो किंवा "थोडं राहिलंय" म्हणतो. मी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "काका, राहिलेल्या फ्लॅटचे नुसते नंबर सांगा." सहा नंबर निघाले. एकेका नंबरपाशी थांबलो तेव्हा कळलं की दोन दारांवर ते स्वतः जाऊच शकत नव्हते. एक दार त्यांच्या बरोबर खालचं. बाथरूमच्या गळतीवरून त्या घराशी त्यांचं बोलणं बंद होतं. दुसऱ्या घरात वडील वारलेले, नॉमिनी थोरला मुलगा आणि भावंडांत वाद. कागद कोणाकडे मागितला यावरून आपण कोणाच्या बाजूचे हे ठरेल, अशी त्यांना भीती होती. या दोन दारांमुळे बाकीची चारही राहिली होती, कारण "उरलेलं सगळं एकदमच करू" असं मनात धरून ते थांबले होते.

हे त्यांनी सभेत कसं सांगितलं असतं? खालच्या फ्लॅटचे मालकही कमिटीत होते.

बी विंग त्यांच्याकडून काढून घेतली नाही, फक्त ती दोन दारं घेतली. गळतीच्या घरी ए विंगच्या बाई गेल्या आणि चहा पिऊन कागद घेऊन आल्या. वादाच्या घरासाठी वकिलांकडून लिहून घेतलं की वडिलांच्या नावाची इंडेक्स टू या अर्जाला पुरते आणि तिच्यावरून वारस ठरत नाही. ते पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर सगळ्या भावंडांना एकाच दिवशी दिलं. उरलेल्या चारांत एक मालक परदेशात होते, त्यांच्याकडून पीडीएफ आली. दोघांचे मूळ करार कर्जापोटी बँकेत होते, त्यांच्या नकला दुय्यम निबंधक कार्यालयातून काढल्या. चौथ्याचे कागद घरातच होते, फक्त कोणी मागितले नव्हते. ही चारही दारं काकांनीच पूर्ण केली, आणि पुढे संपूर्ण फाइलला पानांचे नंबरही त्यांनीच घातले.

हे सगळीकडे चालत नाही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी आर्किटेक्टला इमारत दाखवायचं काम घेतलं होतं आणि ते तारखा पुढे ढकलत होते. त्यांनी समोरची मोकळी जागा बंदिस्त केलेली आहे, ती मोजणीत दिसेल ही त्यांची अडचण. जिथे माणसाचा स्वतःचा हितसंबंध आड येतो तिथे कितीही मायेने विचारा, खरं उत्तर येत नाही. आर्किटेक्टला थेट आमच्या खजिनदारांचा नंबर दिला आणि मोजणी होऊन गेली. त्या गृहस्थांना कोणी काही बोललं नाही.

पुन्हा करायची वेळ आली तर मी वाटणी विंगप्रमाणे करणार नाही. आधी यादी फिरवून प्रत्येकाला विचारेन, "यातल्या कोणत्या घरी तुम्हाला जायचं नाही?" कारण विचारणार नाही, नुसती खूण करून घेईन. सोसायटीत जुने वाद असतातच आणि ते सेक्रेटरीला माहीत असतातच असं नाही. आणि ज्याने जे केलं ते त्याच्या नावासकट सभेच्या इतिवृत्तात लिहा. आमच्या बाईंनी ते पान मुलीला पाठवायला मागून घेतलं होतं.

एक सांगायचं राहिलं. आदेश हातात आला म्हणजे काम संपत नाही. त्यानंतर मुद्रांकाचा अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं, मग दस्त नोंदणी, मग मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव. तोपर्यंत माणसं दमलेली असतात आणि बऱ्याच सोसायट्या आदेश कपाटात ठेवून देतात. या टप्प्यांसाठी नवी माणसं आधीच बोलून ठेवा, म्हणजे जुन्यांना विश्रांती मिळते. आमच्याकडे ते काम सी विंगमधल्या जोडप्याने केलं. अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात मी त्यांना विचारून ठेवलं होतं.