फिल्टर लावला तरी बेरीज हलेना

कोणत्या कामाला किती तास गेले याची नोंद मी एक्सेलच्या शीटमध्ये ठेवते. त्या महिन्यात १८० ओळी होत्या. तासांचा रकाना D4 पासून D183 पर्यंत, आणि वर D1 मध्ये बेरीज:

```
=SUM(D4:D183)
```

‘डिझाइन’चा फिल्टर लावला, D1 मध्ये 486 दिसले. तोच आकडा अहवालात लिहिला. मग ‘चाचणी’चा फिल्टर लावला, तेव्हाही 486. दोन वेगळ्या कामांचे तास तंतोतंत सारखे कसे येतील? डिझाइनचा आकडा तर मी वरिष्ठांना पाठवूनही बसले होते.

डिझाइनचा फिल्टर परत लावून तासांचा रकाना माउसने निवडला. खालच्या पट्टीवर बेरीज 132 दाखवत होती आणि D1 मात्र 486 वरच ठाम! ती पट्टी फक्त दिसणाऱ्या ओळी मोजते, त्यामुळे खरा आकडा 132 हे कळलं. फिल्टर ओळी लपवतो, काढून टाकत नाही. SUM ला D4 ते D183 सांगितलं की मधलं सगळं तो मोजतो, दिसो वा न दिसो.

सूत्र बदललं:

```
=SUBTOTAL(9,D4:D183)
```

यातला 9 म्हणजे बेरीज (1 दिला तर सरासरी मिळते). आता डिझाइनला 132, चाचणीला 96, लेखनाला 234. दुरुस्त अहवाल लगेच पाठवला.

एक गाठ मात्र उरलीच होती. फिल्टर काढून रजेच्या तीन ओळी, प्रत्येकी 8 तासांच्या, मी उजव्या क्लिकने हाइड केल्या. 24 तास वजा होऊन 462 यायला हवे होते, आले 486. बराच वेळ मी आकडेच तपासत बसले, पण चूक आकड्यांत नव्हतीच. 9 हा फिल्टरने गाळलेल्या ओळी सोडतो, पण हाताने लपवलेल्या मोजतो. दोन्ही सोडायच्या असतील तर 109 लागतो:

```
=SUBTOTAL(109,D4:D183)
```

लगेच 462 आले. 132, 96 आणि 234 मिळवून पाहिले, तेही 462. आता माझ्या शीटमध्ये 109 च असतो. फक्त हे ओळींपुरतंच खरं आहे. आडव्या बेरजेत एखादा रकाना लपवला तर 109 सुद्धा तो मोजतो.

बेरीज वर ठेवल्याचा फायदाही तेव्हाच लक्षात आला. ती डेटाला चिकटून शेवटच्या ओळीत असती, तर फिल्टरने तीच गाळली जाण्याचा धोका होता. जुना SUM मी पुसला नाही, F1 मध्ये हलवला आणि शेजारी ‘सर्व ओळी’ असं लिहिलं. D1 च्या शेजारी ‘दिसणाऱ्या ओळी’. फिल्टर लावल्यावर हे दोन आकडे सारखे दिसले, की मी आधी सूत्र उघडून बघते.