38 नावं आणि एक पहाट

पुरस्कार प्रकाशयोजनेचा होता. इंदूरच्या हौशी मराठी नाटकांत तीसेक वर्षं डिमर सांभाळला, त्याबद्दल. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘मनोगतासाठी 3 मिनिटे.’

मी त्याच रात्री यादी करायला बसलो. 38 नावं झाली. नाव आणि काम एवढंच वाचायचं ठरवून मोबाइलवर वेळ लावली, तर अडीच मिनिटं त्यातच गेली. वर रामबागेतला पेटीवाला राहिला, हे दुसऱ्या दिवशी दूध घेताना आठवलं. यादीची खरी भीती हीच. बारा नावं घेतली की तेरावं राहिलेला माणूस तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. एका नाटकाच्या पंचविसाव्या प्रयोगाला आमच्या रंगभूषाकाराचं नाव असंच राहून गेलं होतं. पुढं दोन वर्षं तो आला, पण घड्याळ बघत आला.

मग लिहिलं, ‘या प्रवासात साथ देणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार.’ बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, हे लग्नपत्रिकेतल्या ‘समस्त परिवारा’सारखं झालं. यात कुणाला आपण दिसणार?”

ते वाक्य डोक्यात राहिलं. नाव न घेताही माणूस दिसायला हवा असेल तर त्याचं काम दिसलं पाहिजे. पण 38 जणांची कामं सांगायची म्हणजे पुन्हा यादीच. म्हणून मी एकच क्यू, म्हणजे उजेड बदलायचा एकच क्षण, निवडला. आमच्या एका नाटकाच्या तिसऱ्या अंकातली पहाट, जेमतेम 40 सेकंदांची. निळा उतरतो, खिडकीमागून पिवळसर अंबर चढतो. लोकांना वाटतं ती मी आणली. माझ्या हातात तर उजेड कमीजास्त करायचे दोन फेडर होते. बाकीचं असं लिहिलं:

“मध्यंतरात एक मुलगा शिडीवर चढून गरम दिव्यापुढचं रंगीत जिलेटिन बदलतो, बोटं भाजून घेतो. खिडकीला ट्रेसिंग पेपर एका काकूंनी रात्री जागून चिकटवलेला असतो, म्हणून दिवा दिसत नाही, उजेड दिसतो. विंगेत एक बाई संहितेवर बोट ठेवून उभी असते. तिनं मान हलवल्याशिवाय माझा हात हलत नाही. आणि आमची नायिका रोज त्याच खडूच्या खुणेवर येऊन थांबते. ती वीतभर पुढं गेली तर पहाट तिच्या पाठीवर होते.”

असे सात जण त्यात आले. प्रत्येक वाक्याला मी एकच कसोटी लावली: हे वाक्य दुसऱ्या कुणाला चिकटवता येतं का? ‘अपार मेहनत घेतली’ कुणालाही चिकटतं, म्हणून खोडलं. खडूची खूण तिचीच. मग सातही जणांना फोन करून तपशील विचारून घेतला. सहा बोलले. एकाचा फोन लागला नाही.

उरलेल्यांचं काय? 2016 साली ऑस्करच्या सोहळ्यात नामांकन मिळालेल्यांकडून आभाराची नावं आधीच मागवून, जिंकणाऱ्याची नावं पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीत दाखवली होती. आमच्याकडे पट्टी कुठली, पण स्मरणिका होती. आयोजकांना विनंती करून माझ्या पानावर सगळी नावं छापून घेतली, पेटीवाल्यासकट 39. क्रम अकारविल्हे, म्हणजे पहिलं कोण आणि शेवटी कोण यावरून रुसवा नको. छपाईला जायच्या आधी ती यादी संस्थेतल्या दोन जुन्या माणसांना दाखवली, त्यांनी आणखी दोन नावं आठवून दिली, एकूण 41 झाली. माझ्या एकट्याच्या आठवणीवर सोडलं असतं तर ती राहिलीच असती.

मंचावरून नाव एकच घ्यायचं ठरवलं. ज्या मास्तरांनी पहिल्यांदा माझ्या हातात डिमर दिला ते आता नाहीत. त्यांना ना फोन करता येतो, ना स्मरणिका देता येते. पण जिवंत माणसांतलं एक जरी नाव घेतलं असतं, तरी बाकीचे का नाहीत हा प्रश्न आलाच असता.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे लांबले आणि निवेदिका कानात म्हणाली, “काका, दोनच मिनिटं हं.” यादी असती तर मधूनच तोडावी लागली असती. इथं मी पहाटेतले दोन हात गाळले, खिडकीचा सुतार आणि केबल उसनी देणारा मांडववाला. पहाट तरी पुरी झाली. त्या दोघांना खाली उतरल्यावर लगेच गाठलं आणि गाळलेली वाक्यं तोंडी म्हणून दाखवली. सुतार हसला. मांडववाला म्हणाला, “केबल परत कधी देताय?”

चहाच्या टेबलाशी शिडीवरचा मुलगा आला. आता तोही चाळिशीचा. डोळे भरलेले. म्हणाला, “काका, छान बोललात. पण त्या नाटकाच्या वेळी माझी दहावी होती. बोटं भाजली ती माझ्या धाकट्या भावाची.”

फोन न लागलेला तोच.