आमची वाटचाल : चार वर्तुळं आणि ब्लोअरची नोझल

आमचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत आहे. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही नुसतं लेथचं जॉबवर्क करत होतो. मोठ्या कारखान्याकडून ड्रॉइंग आणि कास्टिंग यायचं, आम्ही बुश, शाफ्ट, फ्लँज करून परत पाठवायचो. आज निम्म्याहून जास्त काम द्राक्षबागेत औषध मारायच्या ब्लोअरचं आहे. हे वळण कसं घेतलं असं कुणी विचारलं की मी एक कागद दाखवतो. त्यावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं आहेत.

कागद आणला पुतणीनं. ती पुण्यात नोकरीला आहे. एक वर्तुळ आवडीचं, दुसरं हातात असलेल्या कसबाचं, तिसरं लोकांच्या गरजेचं, चौथं पैशाचं. चारही जिथं एकावर एक येतात, तिथलं काम शोधायचं. ही आकृती ‘इकिगाई’ म्हणून जपानच्या नावावर फिरते, पण ती काढली स्पेनच्या आंद्रेस सुसुनागा या ज्योतिषानं, २०११ च्या सुमाराला. २०१४ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्या मार्क विन यांनी मधल्या जागेत इकिगाई लिहिलं आणि ती जगभर गेली. जपानी माणसाचं इकिगाई नातवंडांत किंवा परसातल्या भाजीतही असू शकतं, त्याला पैशाचं वर्तुळ लागत नाही. आकृती ज्योतिषाची आहे हे कळल्यावर आमची ही म्हणाली, “म्हणजे धंद्याची पत्रिकाच की!”

मला मात्र ती पत्रिकेपेक्षा तपासणीच्या गेजसारखी वापरायची होती. मनानं भरायला बसलं की प्रत्येक काम चारही वर्तुळांत बसतं. म्हणून आम्ही एकेक काम वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि पुरावा असेल तरच चिठ्ठी वर्तुळात ठेवायची असं ठरवलं. कुणी न सांगता जे काम आपण करत बसतो, ते आवडीचं. दुसरीकडं करून बघून लोक जे शेवटी आपल्याकडं आणतात, त्यात आपलं कसब. आपण बंद केलं तर कुणाचं काय अडेल हे नेमकं सांगता आलं, तर ती गरज. आणि पैशाच्या वर्तुळात तेच, ज्यासाठी कुणीतरी खिशात हात घातलाय. “चांगलं आहे, करा तुम्ही” हा पुरावा धरायचा नाही. पहिल्या दोन वर्तुळांचं घरी बसून कळतं, उरलेल्या दोन्हींसाठी गिऱ्हाइकाच्या दारात जावं लागतं.

जॉबवर्कची चिठ्ठी कसब, गरज आणि पैसा या तिन्हींत बसली. आवडीत नाही, कारण तोच बुश हजार वेळा करण्यात मला गोडी नव्हती. जुनी घड्याळं दुरुस्त करायची माझी हौस आवड आणि कसबात बसली आणि तिथंच राहिली. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘नोझल मोजणे’.

त्याचं असं झालं, पंपाचं सील बदलायला ब्लोअर यायचा तेव्हा मी उगाच प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून मिनिटाला किती पाणी पडतंय ते बघायचो. कुणी सांगितलं नव्हतं. बारीक माप धरायची सवय लेथनं लावलेली. म्हणजे आवड आणि कसब जमलं. गरजेचा पुरावा मणेराजुरीच्या आबा नावाच्या एका बागायतदाराच्या ब्लोअरनं दिला. ओळींत नऊ फुटांचं अंतर, ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटर, दहा नोझल. या वेगानं एका एकराला साधारण बावीस मिनिटं लागतात. नवं नोझल मिनिटाला १.२ लिटर सोडतं, म्हणजे दहांचे मिळून बारा लिटर आणि एकराला सुमारे २६५ लिटर पाणी. त्यांच्या नोझलांची बेरीज निघाली पंधरा लिटर. एकराला ३३० लिटर. औषध ते टाकीच्या मापानं घालत होते, त्यामुळं एकरी पाव पट औषध जास्त जात होतं.

वर गंमत अशी, की झीज सारखी नव्हती. खालची नोझलं १.७ पर्यंत गेलेली, वरची १.३ वर. बोर्डो, गंधक, तांब्याची भुकटी यांच्या कणांनी नोझलमधल्या पितळी चकतीचं भोक घासून मोठं होतं. थेंब जाड पडतो आणि पानावरून ओघळतो. वरच्या पानांना त्या मानानं कमी आणि खाली धो धो. “आवो, औषध तर भरपूर मारतोय, मग वर डाऊनी रोग कसा येतो?” असं आबा विचारत होते, त्याचं निम्मं उत्तर भांड्यात होतं. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी सोडायला लागलं की ते बदलायचं, हा सर्वसाधारण नियम. सिरॅमिकची चकती पितळेपेक्षा कितीतरी जास्त टिकते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचे अंश तपासले जातात, त्यामुळं निर्यातवाल्यांना ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

तीन वर्तुळं भरली. पैशाचं रिकामं. मोजायची फी सांगितली की समोरचा हसायचा, “पाणी मोजायचं पैसं?” त्यांचंही खरं होतं, आकडा हातात घेऊन माणूस काय करणार! पुतणी म्हणाली, “काका, काम बदलू नका, विकायची रीत बदला.” मग आम्ही छाटणीआधीची सर्व्हिस सुरू केली. पंपाची सीलं, गाळण्या, प्रेशर गेजची तपासणी, लागतील तेवढी नवी नोझलं, आणि शेवटी बागेत ट्रॅक्टर चालवून एकरी लिटरचा आकडा लिहिलेलं कार्ड. सगळ्याची मिळून एकच किंमत, निम्मे पैसे आगाऊ. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पहिल्यांदा आगाऊ पैसे आले त्या दिवशी चिठ्ठी चौथ्या वर्तुळात सरकवली. मोजणी तीच, फक्त आता ती दुरुस्तीच्या पोटात होती.

या कागदात न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. त्यात महिना दिसत नाही. आमचं ब्लोअरचं काम ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, फेब्रुवारी-मार्चमध्ये शुकशुकाट. म्हणून आवडीचं नसलेलं जॉबवर्क सोडलेलं नाही, पगार त्यातून निघतात. रक्कमही दिसत नाही. चहापुरते पैसे देणारं काम आणि एका कामगाराचा पगार काढणारं काम, दोन्ही पैशाच्याच वर्तुळात बसतात. म्हणून आता आम्ही चिठ्ठीच्या मागं माल वजा जाता महिन्याला काय उरतं ते लिहितो.

तिसरी अडचण माणसांची. माझी वर्तुळं म्हणजे सगळ्या वर्कशॉपची नव्हेत. लेथवरच्या आमच्या जुन्या कारागिराला मी उत्साहानं बागेत घेऊन गेलो, तर तो चिखलात उभा राहून घड्याळ बघत होता. त्याला त्याची चिठ्ठी वेगळी लिहायला सांगितली, तेव्हा त्याच्या आवडीत नेमकं तेच निघालं ज्याचा मला कंटाळा होता, एकसारखे हजार बुश. आता जॉबवर्क तो बघतो. हिची वर्तुळंही निराळी. ब्लोअरला ती हात लावत नाही, पण कोणत्या बागायतदाराकडं कोणत्या मापाची नोझलं आहेत आणि गेल्या वर्षी आकडा काय होता, याची वही तिची. जुलै संपला की फोनही तीच करते. निम्मी आगाऊ रक्कम त्या फोनवर ठरते.

सध्या तिची एक चिठ्ठी टेबलावर आहे. आटपाडीकडच्या डाळिंबांचा आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, म्हणजे आमच्या रिकाम्या महिन्यांतच तिकडं काम निघू शकतं. पण डाळिंबाचं झाड झुडपासारखं, मांडवावरच्या वेलीसारखं नाही, आणि तिकडं बरेच जण पाइप-गननं फवारतात. गनचं माप ब्लोअरच्या रीतीनं निघत नाही, हात किती वेळ एका झाडावर राहतो यावर सगळं ठरतं. त्यामुळं चिठ्ठी अजून गरजेच्या वर्तुळाच्या काठावर आहे. डिसेंबरात दोन-तीन बागांत जाऊन झाडामागं किती लिटर पडतंय ते मोजायचं आणि कुणी आगाऊ देतंय का ते बघायचं, असं ठरलंय.