कुठल्या वेळचं बोट?

साखरपुडा ठरला की फोंड्याहून म्हापशाला एक दोरा निघतो. होणाऱ्या सुनेच्या बोटाला गुंडाळून गाठ मारलेला तो दोरा कुणाच्या तरी पाकिटातून सोनाराकडे पोचतो, आणि अंगठी मुलीच्या पेरापाशी अडते. सोनाराने माप अचूकच घेतलेलं असतं, पण दोऱ्याचं, बोटाचं नव्हे.

आपल्याकडच्या पेढ्यांवर चालणाऱ्या नंबरांचा हिशेब सोपा आहे. अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्यातून 40 वजा करायचे. 54 मिलिमीटर घेर म्हणजे साधारण 14 नंबर. म्हणजे एका मिलिमीटरला एक नंबर! बॉलपेनची जाड रेघ अर्धा मिलिमीटर तरी खाते, हे लक्षात घेतलं की पेन्सिलीला टोक काढायची बुद्धी आपोआप होते.

दोरा दोन्ही बाजूंनी फसवतो. सुती दोरा ताणला की वाढतो आणि सोडला की आखडतो. शिवाय बोटावर आवळला की मांसात रुततो. त्यामुळे माप कमी येतं. उलट विणकामाचा एक मिलिमीटर जाडीचा दोरा न रुतवता नुसता टेकवला, तर त्याची लांबी बोटाच्या घेरापेक्षा तीन मिलिमीटर जास्त भरते, कारण तो बोटाला धरून नाही, स्वतःच्या जाडीच्या मधोमध फिरतो. तीन नंबर इथेच गेले. त्यात तो तिरका गुंडाळला असेल तर आणखी.

म्हणून कागदाची पट्टी बरी. वहीच्या साध्या कागदाची, दहा सेंटिमीटर लांब आणि होणारी अंगठी जितकी रुंद तितकीच रुंद. रुंद अंगठी जास्त कातडी दाबते, त्यामुळे त्याच बोटाला ती जरा मोठी लागते. बारीक पट्टीने माप घेऊन रुंद अंगठी केली की ती आवळणारच. पट्टी बोटाच्या मुळाशी, जिथे अंगठी बसते तिथे, सरळ गुंडाळायची. टोक जिथे पट्टीवर येतं तिथे बारीक खूण करायची, पट्टी उलगडून सपाट ठेवायची आणि स्टीलच्या पट्टीने मोजायचं. मग तीच कागदी पट्टी पेरावर, म्हणजे सांध्याच्या सर्वांत जाड जागी. दोन्ही आकडे हवेत.

इथवर हाताचं काम झालं. पण बोट दिवसभर एकसारखं राहील तर ना. रात्रभर आडवं राहिल्याने सकाळी उठल्या उठल्या हात जरा सुजलेले असतात. मग ते उतरतात. दुपारी मे महिन्यातल्या उन्हात बाजार करून आलं की उष्म्याने रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि लोंबत्या हातांत पाणी उतरलेलं असतं. आदल्या रात्री सुक्या बांगड्याचं किसमूर आणि खारातलं लोणचं जरा जास्तच झालं असेल, तर मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, तेही बोटांवर दिसतं. एसी ऑफिसात तासभर बसलं की तेच बोट आक्रसतं, आणि सकाळी घट्ट वाटणारी अंगठी बेसिनपाशी साबणाच्या हातातून सटकते.

एक उदाहरण घेऊ. उजव्या हाताची अनामिका: उठल्यावर मुळाशी 55, एसीत 53, दुपारी चालून आल्यावर 56, आणि संध्याकाळी घरात पंख्याखाली शांत बसल्यावर 54. पेर 56. यात 56 धरून 16 नंबर केला तर एसीत अंगठी गरगर फिरेल आणि खडा तळहाताकडे जाईल. 13 नंबर पेरावरून उतरायचाच नाही. खरं माप संध्याकाळचं 54. पण पेर दोन मिलिमीटरने जाड आहे, म्हणून 15 नंबर. पेरावरची कातडी थोडी दबते आणि सरकते, त्यामुळे पेराच्या पूर्ण मापाची अंगठी लागत नाही. योग्य अंगठी पेरावरून जरा ढकलूनच जाते, आणि काढताना त्याहून जास्त अडते. सहज निघाली तर ती मोठी आहे.

गरोदरपणात किंवा ताप असताना माप घेऊच नये. आणि माप नक्की नसेल तर निदान घडण तरी साधी निवडावी: सोन्याचं साधं वळं कापून एका नंबरासाठी एक मिलिमीटर तुकडा जोडता येतो, पण सगळीकडून खडे बसवलेल्या वळ्यात कापायला जागाच नसते.

सोनाराकडे पट्टी पाठवताना तिच्यावरच लिहावं: हात कुठला, बोट कुठलं, मुळाशी किती, पेरावर किती, वेळ कुठली. आणि मुलीलाच म्हापशाच्या बसमध्ये बसवता आलं तर पट्टीही नको. सोनाराकडे मापाच्या कड्यांचा जुडगा असतो. फक्त उन्हातून आल्या आल्या बोट पुढे करू नये, अर्धा तास दुकानाच्या पंख्याखाली बसावं.