तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेडचा हिशेब वेगळा का?

"गोदामात रोबोट बसवले की माणसं कमी लागणार, ऑर्डरी तर दरवर्षी वाढतायत. एनपीव्ही अधिक येतोय, तर पुढचं अपग्रेडही त्यातच धरून एकदाच मंजूर करून टाकलं तर काय बिघडलं?"

बिघडतं ते असं, की एका चांगल्या खर्चाच्या आड दुसरा वाईट खर्च सहज लपतो. ऑनलाइन विक्रेत्यांच्या गोदामांचे असे प्रस्ताव तपासणं हे माझं रोजचं काम, आणि हा प्रकार त्यांत नेहमी दिसतो. एका नमुन्याच्या हिशेबावरून दाखवतो. आकडे माझे, चलन तुम्ही कुठलंही धरा. एनपीव्ही म्हणजे पुढची सगळी बचत परताव्याच्या दराने आजच्या मोलात आणून तीतून खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम. मजुरी आणि १२ टक्के परताव्याचा दर, दोन्ही महागाई वगळून घेतलेत. एकात महागाई धरायची आणि दुसऱ्यात नाही, असं केलं की पुढचं सगळंच वाया जातं.

आधी बचत नेमकी कुठून येते ते बघू. साध्या गोदामात पिकर, म्हणजे ऑर्डरीतला माल उचलून आणणारा कामगार, ट्रॉली आणि स्कॅनर घेऊन रॅकांमधून फिरतो आणि त्याचा निम्म्याहून जास्त वेळ नुसता चालण्यात जातो. रोबोट आले की माणूस एका जागी उभा राहतो. मालाचा टोट, म्हणजे खोका, त्याच्यासमोर येतो, कोणत्या कप्प्यातून काय उचलायचं ते दिव्याने दिसतं, तो वस्तू उचलतो, स्कॅन करतो, टोट निघून जातो. म्हणजे पैसे वाचतात ते चालण्याचे. पॅकिंग, परत आलेला माल, ट्रक उतरवणं यांतलं काही वाचत नाही, आणि तरीही प्रस्तावात गोदामाचा सगळा पगार बचतीच्या रकान्यात बसवलेला मी पाहिलाय.

समजा चालणं वाचल्याने दर ऑर्डरमागे मजुरी २० वरून ८ वर आली. बचत १२. पहिल्या वर्षी २० लाख ऑर्डरी, म्हणून २४० लाख. देखभाल आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स मिळून वर्षाला ६० लाख जाणार, हातात राहिले १८० लाख. यंत्रणा आज १००० लाखांची, हिशेब ८ वर्षांचा. ऑर्डरी वाढल्याच नाहीत, तर एनपीव्ही उणे १०६ लाख. नुसत्या मजुरीच्या जोरावर हा प्रकल्प उभा राहत नाही.

ऑर्डरी वर्षाला १० टक्क्यांनी वाढतात असं धरलं, की तोच आकडा अधिक ३१३ लाखांवर जातो. वाढीचा आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही. दर माणसाची दिवसाला ४० मिनिटं वाचली म्हणून कुणाचा पगार बंद होत नाही. तेवढी मिनिटं शिफ्टमध्ये कुठेतरी जिरून जातात. पण ऑर्डरी वाढत असतील तर पुढच्या वर्षी जी नवी भरती करावी लागली असती ती करावी लागत नाही, आणि ही बचत मात्र खरी असते. म्हणून तुलना आजच्या पगाराशी न करता, यंत्रणा न घेता याच वाढत्या ऑर्डरी हाताळायला जो खर्च आला असता त्याच्याशी करायची.

आता ३१३ मधून खरेपणाची वजाबाकी. पहिलं वर्ष पूर्ण बचतीचं नसतं. वस्तूंची मापं संगणकात चुकीची भरलेली असतात, कप्प्यात ४० नग मावतील असं स्क्रीन म्हणते आणि प्रत्यक्षात २८ वरच झाकण बसत नाही. अशा हजारो नोंदी दुरुस्त होईपर्यंत जुनी पद्धत आणि नवी, दोन्ही चालू ठेवावी लागतात. पहिल्या वर्षी निम्मीच बचत धरली तर आजच्या मोलाने १०७ लाख गेले.

दुसरी वजाबाकी क्षमतेची. ही यंत्रणा वर्षाला ३० लाख ऑर्डरींपर्यंतच जाते. (खरं तर क्षमता तासावर मोजायला हवी, कारण सेलच्या दिवशी सरासरीच्या दोन-तीन पट ऑर्डरी येतात आणि यंत्रणा तिथे अडते. वर्षाच्या सरासरीत ते दिसत नाही.) सहाव्या वर्षी ऑर्डरी ३२ लाखांपुढे जातात. वरच्या ऑर्डरी पुन्हा ट्रॉलीने, पूर्ण मजुरीत. त्यात आजच्या मोलाने ८६ लाख गेले. अपूर्णांक धरून उरले अधिक ११९.

आता तुमचं अपग्रेड. पाचव्या वर्षाअखेर २५० लाख. त्याने क्षमता ४२ लाख होणार आणि देखभाल वर्षाला १५ लाखांनी वाढणार. सगळं एकत्र टाकलं तर प्रकल्प अधिक ४३ लाखांवर येतो. आकडा अधिकच आहे, त्यामुळे बैठकीत हात वर होतात.

पण ते २५० लाख फोडून बघा. त्यातले १०० लाख रोबोटच्या बॅटऱ्या आणि नियंत्रण संगणक बदलण्याचे, आणि ते टाळता येत नाहीत. जुन्या संगणकाचे सुटे भाग मिळेनासे झाले की यंत्रणा पाचव्या-सहाव्या वर्षी ठप्प होणार. मग हा खर्च अपग्रेडचा कसला? तो मूळ खरेदीचाच उशिरा आलेला हप्ता, आणि पहिल्याच हिशेबात हवा होता. तो आजच्या मोलाने धरला की मूळ प्रकल्प ११९ वरून ६२ लाखांवर उतरतो. पुरवठादारावर किती अवलंबून राहावं लागतं, त्याचं एक उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१२ साली अ‍ॅमेझॉनने ७७.५ कोटी डॉलरना किवा सिस्टम्स ही गोदामांसाठी रोबोट बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढे इतर विक्रेत्यांना त्या यंत्रणा नव्याने मिळेनाशा झाल्या.

उरलेले १५० लाख निव्वळ वाढीव क्षमतेचे. त्यातून मिळणारी निव्वळ बचत सहाव्या वर्षी साडेअकरा लाख, सातव्या वर्षी ५०, आठव्या वर्षी ९३ लाख. पाचव्या वर्षाअखेरच्या मोलाने हे होतात ११६ लाख. म्हणजे १५० घालून ११६, आणि आजच्या मोलाने तोटा १९ लाखांचा. ६२ मधून हे १९ गेले की तेच ४३ उरतात. एकत्र हिशेबात हा तोटा कुणालाच दिसला नसता. याच आकड्यांवर निर्णय घ्यायचा तर क्षमता वाढवायची नाही, ३० लाखांवरच्या ऑर्डरी खुशाल ट्रॉलीने जाऊ द्यायच्या.

मात्र आठ वर्षांनी हिशेब तोडणं हा आपलाच निर्णय होता, हेही विसरू नका. रॅक, कन्व्हेयर आणि रोबोटचे सांगाडे दहा वर्षं टिकणार असतील, तर नवव्या-दहाव्या वर्षी वाढीव क्षमता दरवर्षी १२९ लाख देते, कारण तोवर ४२ लाखांची मर्यादाही भरलेली असते. ती दोन वर्षं धरली की १५० लाखांसमोर २७१ लाख उभे राहतात आणि उत्तर उलटं होतं. सगळा प्रश्न येऊन थांबतो तो जुना सांगाडा किती वर्षं चालणार यावर. त्याचं उत्तर पुरवठादाराकडून लेखी घ्या, सुटे भाग किती वर्षं मिळतील या हमीसकट.

म्हणून मी आज फक्त १००० लाखांचा प्रस्ताव आणि त्याला जोडलेले ते सक्तीचे १०० लाख मंजुरीला ठेवतो. क्षमतेचे १५० लाख वेगळ्या कागदावर. तो कागद चौथ्या वर्षी काढायचा, कारण तेव्हा ऑर्डरी खरंच १० टक्क्यांनी वाढल्या का ते कळलेलं असतं. त्या ४ टक्क्यांनीच वाढल्या असतील, तर आठव्या वर्षीही ऑर्डरी २७ लाखांच्या आतच असतील आणि वाढीव क्षमता लागणारच नाही. पण मग मूळचे ६२ लाखही टिकायचे नाहीत, म्हणून १० टक्क्यांचा तो आकडा कोणी आणि कशाच्या आधारावर दिला, ते आजच विचारून घ्या.